क्विकसिलेक्ट सुरू करताय? आधी एवढं पक्कं करा

अरे, क्विकसिलेक्ट म्हणजे सगळे आकडे सॉर्ट न करता k वा सगळ्यात लहान आकडा शोधायची पद्धत, कोड लिहायच्या आधी ती एकदा कागदावर करून बघ. `[7, 2, 9, 4, 1]` मधला तिसरा सगळ्यात लहान हवाय, म्हणजे k 3. पिव्हट म्हणजे ज्याच्याशी तुलना करून बाकीचे वाटायचे तो आकडा; तो 7 घेतला की डावीकडे लहान 2, 4, 1 आणि उजवीकडे मोठा 9, म्हणजे 7 चौथ्या नंबरवर बसला, आपल्याला तिसरा पाहिजे म्हणून फक्त डावीकडे जायचं, 9 विसरायचा. आता पिव्हट 2, तो दुसरा, मग उजवीकडे जायचं आणि k मधून 2 वजा करायचे, k झाला 1, उत्तर 4. नवीन अॅरे करून उजवीकडे जाताना ही वजाबाकी राहून जाते, नवीन लोकांची बहुतेक चूक इथेच.

दुसरी चूक, पहिलाच एलिमेंट पिव्हट घेणं. आधीच सॉर्टेड 10,000 आकड्यांत सगळ्यात मोठा शोधलास तर दर वेळी एकच आकडा कमी होतो आणि तुलना जातात जवळजवळ 5 कोटींवर. पिव्हट रँडम घे, मग सरासरी काम n च्या प्रमाणातच राहतं, कारण उरलेला भाग भराभर लहान होत जातो. वाईट केस अशक्य होत नाही, फक्त फार दुर्मिळ होते.

आणि हो, सगळे आकडे सारखे असतील तर रँडमही वाचवत नाही, पिव्हटएवढे आकडे वेगळे तिसऱ्या गटात ठेव.