सिगारेट सोड, खर्र्यावर बोल

आरमोरी, जि. गडचिरोली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

'तंबाखूची विक्री टप्प्याटप्प्याने पूर्णपणे बंद करावी' या विषयावरच्या तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. बाजूने बोलताना तू पहिली दोन पाने सिगारेटवर घालवली आहेस, ती काढून टाक. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले होते. आपल्याकडे तर पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा करण्याची घरघर सकाळपासून ऐकू येते. भाषणाची सुरुवात तिथून कर.

तंबाखूने कर्करोग होतो हे समोरचा वक्ताही मान्य करील, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नकोस. त्याचा खरा मुद्दा असेल प्रौढ माणसाच्या निवडीचा. त्याला उत्तर देताना पहिला खर्रा कोणत्या वयात खाल्ला जातो, हे विचार. अठरा वर्षांखालील मुलाला विकू नये आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री नको, असे २००३ चा कायदा सांगतो. तरीही माझ्या वर्गातली आठवीची मुले मधल्या सुट्टीत गाल फुगवून परतत असत. निकोटिनची सवय लागल्यावर अठराव्या वाढदिवशी त्या मुलाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले असे म्हणणे मला तरी पटत नाही.

त्यांपैकी एक जण पुढे पंचविशीत भेटला. साधारणपणे मोठ्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. त्याच्या तोंडात एकच मावत होते आणि तिखट भाजीने डोळ्यांत पाणी येत होते. गालाच्या आतील अस्तराखाली तंतू साचून ते कडक होते आणि खर्रा सोडला तरी ते सहसा पूर्ववत होत नाही. हे उदाहरण अवश्य दे, पण एक सावधगिरी बाळग. हा आजार मुख्यतः सुपारीमुळे होतो. केवळ तंबाखू बंद करून तो थांबेल असे म्हटलेस, तर जाणकार परीक्षक तिथेच अडवतील. सुपारी स्वतःही कर्करोगकारक आहे आणि तिच्यात तंबाखू मिसळली की धोका वाढतो, शिवाय निकोटिनची ओढ सुटत नाही, असे नेमके मांड.

आता विरोधी बाजू. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि खर्र्यात पडणारी सुगंधित तंबाखूही तिच्या कक्षेत आली, तरी खर्रा गावोगाव मिळतो. भूतानने २००४ मध्ये विक्रीवर बंदी घातली. सीमेपलीकडून चोरटा माल येत राहिला आणि २०२१ मध्ये त्यांनी ती उठवली. आपल्या शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ची दारूबंदीही २०२१ मध्येच उठली. पण दारूचे उदाहरण आले की वाद भलतीकडे जातो, म्हणून तू स्वतः ते काढू नकोस.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र विडी वळायला लागणाऱ्या तेंदूपानाचा आहे आणि शहरातल्या वक्त्याला तो सहसा सुचत नाही. मे महिन्याच्या उन्हात पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तरचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यायचे, हे काम दोन-तीन आठवडेच चालते. पण खरिपाच्या बियाण्याला हाती येणारी रोख रक्कम बहुधा तीच असते. वनहक्क कायदा आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा यांच्या आधारे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा हा लिलाव स्वतः करतात. विडी संपली तर या पानाला दुसरे मोठे गिऱ्हाईक नाही. खर्र्यात तेंदू लागत नाही, असे म्हणून तुला निसटता येणार नाही, कारण विषयात 'पूर्णपणे' हा शब्द आहे.

याला 'टप्प्याटप्प्याने' या शब्दातूनच उत्तर शोध. न्यूझीलंडने २०२२ मध्ये कायदा केला की १ जानेवारी २००९ पासून जन्मलेल्यांना तंबाखू कधीच विकायची नाही. सरकार बदलले आणि २०२४ मध्ये तो कायदा रद्द झाला. मालदीवने मात्र १ जानेवारी २००७ पासून जन्मलेल्यांसाठी अशी बंदी २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू केली. या पद्धतीत आज विडी ओढणाऱ्या आजोबांची विडी सुटत नाही, मागणी पिढीगणिक घटते आणि तेंदूवर जगणाऱ्या घरांना दुसरा आधार उभा करायला वर्षे मिळतात. यातली उणीवही तूच सांगून टाक: आज जो ठेलेवाला मुलाचे वय विचारत नाही, तो उद्या जन्मसाल विचारील याची हमी काय? माझ्या मते याचे उत्तर ठेल्यावर नाही, तर सुगंधित तंबाखू जिथून गावात येते त्या ठोक विक्रेत्याकडे आहे; पण त्यासाठी मसुद्यात अर्धे पान मोकळे करावे लागेल. सिगारेटची दोन पाने गेली की ते होईल. नवा मसुदा शनिवारपर्यंत पाठव.

तुझे गुरुजी