फुटेजमधला माणूस ५ फूट ९ इंचांचा, भाऊ साडेचार इंचांनी बुटका

वकीलसाहेब, मागच्या वर्षी इतवारीतल्या एका किराणा गोदामात रात्री चोरी झाली. माझा भाऊ तिथं पूर्वी हमाली करायचा, म्हणून त्याला धरलं. सध्या जामिनावर आहे. गोदामाच्या कॅमेऱ्यात दारातून निघणारा एक जण दिसतो, चेहऱ्याला रुमाल आहे. पंचनाम्यात लिहिलंय, "दाराच्या चौकटीवरून इसमाची उंची अंदाजे ५ फूट ९ इंच." भाऊ ५ फूट साडेचार इंच आहे. दोन वर्षांपूर्वी पोलीस भरतीतून उंचीमुळेच बाद झाला होता. आरोपपत्राची नक्कल परवाच मिळाली. एवढ्या फरकावर तो सुटेल ना?

ताई, सुटू शकेल, पण आज हातात असलेल्या कागदावर नाही. पंचनाम्यातला आकडा सरकार पक्षाच्या कामाचा नाही, हे खरं. अडचण अशी, की तो जसा आहे तसा तुमच्याही कामाचा नाही.

त्यांनी उंची कशी काढली असेल ते मी सांगतो, कारण अशा पंचनाम्यांत बहुधा हेच होतं. स्क्रीनवर चौकट मोजली, मग माणूस मोजला. चौकट प्रत्यक्षात ७ फूट, म्हणजे २१३ सेंटिमीटर. चित्रात चौकट १४२ पिक्सेल आणि माणूस ११७ पिक्सेल भरला असेल, तर एक पिक्सेल दीड सेंटिमीटरचा, आणि माणूस साधारण १७५ सेंटिमीटरचा. झाले ५ फूट ९ इंच. गणितात चूक नाही. चूक गृहीतकात आहे, की माणूस चौकटीच्या बरोबर रेषेत उभा आहे.

तो बाहेर पडत होता. बाहेर पडणारा माणूस उंबऱ्यावर थांबत नाही, पाऊल पुढे टाकतो. आणि कॅमेऱ्याच्या जवळ आलेली वस्तू मोठी दिसते. समजा कॅमेरा दारापासून साडेचार मीटरवर आहे आणि फारसा खाली झुकलेला नाही. तुमच्या भावाएवढा, १६४ सेंटिमीटरचा माणूस उंबऱ्यापासून फक्त २८ सेंटिमीटर पुढे आला, म्हणजे फूटभरही नाही, तर कॅमेऱ्यापासूनचं अंतर ४२२ सेंटिमीटर होतं. ४५० ला ४२२ ने भागून १६४ ने गुणा. उत्तर १७५ येतं.

म्हणजे पंचनाम्यातले साडेचार इंच एका पावलात नाहीसे होतात. सरकारी वकील एवढंच म्हणतील, "आरोपी एक पाऊल पुढे होता," आणि तुमचा बचाव संपला. म्हणून 'उंची जुळत नाही' ही ओळ अर्जात लिहायची घाई करू नका. ती लिहिण्याआधी त्या माणसाचे पाय नेमके कुठे होते हे ठरवावं लागेल. फुटेजमध्ये पाय दिसतात का, ते बघा. दारात पोती रचलेली असतील आणि पावलं त्यांच्या आड असतील, तर सगळा हिशेब हवेत आहे. फरशीवर पाऊल दिसत असेल, तर त्या फरशीचा सांधा मोजून जागा बोटभराच्या फरकानं ठरवता येते. माझ्या मते तुमच्या प्रकरणात निम्मं काम याच एका गोष्टीवर अडलेलं आहे.

दुसरी मोठी चूक डोक्याच्या बाजूला होते. रात्रीचं फुटेज इन्फ्रारेडवर घेतलेलं असतं आणि साठवताना दाबलेलं असतं, त्यामुळे केसांची कड तीन-चार पिक्सेलभर पसरते. आपल्या हिशेबात एक पिक्सेल दीड सेंटिमीटरचा होता, म्हणजे डोकं कुठे संपतं हे ठरवण्यातच पाच-सहा सेंटिमीटर इकडे-तिकडे. त्यात टोपी, रुमालाची गाठ, बुटांचे तळवे. शिवाय माणूस चालताना सरळ नसतो. दोन्ही पाय जमिनीवर फाकलेले असतात तेव्हा डोकं खाली जातं, एका पायावर शरीर तोलून दुसरा पाय पुढे येताना ते सर्वांत वर असतं. ओझं उचललेलं असेल तर आणखी वाक येतो. या चुका एकाच दिशेला जात नाहीत. बूट उंची वाढवतात, वाक ती कमी करतो. त्यामुळे 'अंदाजे' या शब्दाआड दोन इंचही असू शकतात आणि पाचही.

कॅमेऱ्याची भिंगंही निष्पाप नसतात. गोदामात बहुधा रुंद कोनाचं भिंग लावतात, सगळं एका चित्रात मावावं म्हणून. अशा भिंगात सरळ रेषा कडेला बाहेर फुगते. घरी एक साधी परीक्षा करा: स्क्रीनवर दाराच्या उभ्या चौकटीला पट्टी लावा. चौकट पट्टीपासून सुटत असेल, तर तिथल्या मोजमापावर भिंगाचा परिणाम आहे आणि तो आधी काढून टाकावा लागेल. रुंदी-उंचीचं प्रमाण बिघडलेलं फुटेज मात्र एवढं घातक नसतं. माणूस आणि चौकट दोघेही सारखेच ताणले जातात, म्हणून उभ्याची उभ्याशी तुलना बहुतेक वाचते. कॅमेरा तिरका लावलेला असेल तर ती सूट संपली.

मग बरोबर पद्धत कोणती? घटनास्थळी परत जायचं. तोच कॅमेरा, त्याच जागी, त्याच कोनात हवा. हे ठरवायला जुन्या आणि नव्या चित्रातली चौकटीची टोकं, फरशीचे सांधे, भिंतीचा स्विचबोर्ड एकमेकांवर ठेवून पाहतात. सगळं जुळलं, तर फुटेजमधल्या माणसाच्या पावलांच्या जागी सेंटिमीटरच्या खुणांची उभी काठी धरतात आणि त्याच कॅमेऱ्यानं तिचं चित्र घेतात. जुनं चित्र त्यावर चढवलं की डोकं काठीच्या कोणत्या खुणेवर येतं ते दिसतं. इथं चौकट आणि अंतराचा तिढाच उरत नाही, कारण काठी माणसाच्या जागीच आहे.

पण एवढ्यावर थांबणारा तज्ज्ञ अर्धवट. चांगला तज्ज्ञ उंची माहीत असलेली काही माणसं त्याच वाटेनं चालवतो, त्यांची उंची त्याच पद्धतीनं चित्रातून काढतो आणि खऱ्या उंचीशी ताडतो. त्यातून या कॅमेऱ्याखाली ही पद्धत किती चुकते ते आकड्यात कळतं. नेदरलँड्सच्या न्यायवैद्यक संस्थेत या विषयावर बरंच काम झालं आहे, आणि तिथं अशा स्वयंसेवकांवरून चूक मोजण्यावरच भर असतो. न्यायालयाला एक आकडा नको, आकड्याचा पट्टा हवा. '१७१ ते १७९' असा पट्टा निघाला, तर १६४ चा तुमचा भाऊ त्याबाहेर पडतो आणि तो भक्कम बचाव होतो. '१६२ ते १८०' निघाला, तर काहीच सिद्ध होत नाही, कोणाच्याच बाजूनं.

आणि १६६ च्या आसपास निघालं तर? याचा विचार आधीच करून ठेवा. म्हणूनच मी न्यायालयामार्फत नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेकडे लगेच पाठवायचा अर्ज करणार नाही. तो अहवाल नोंदीवर येतो, तुम्हाला आवडो न आवडो. आधी फुटेजची प्रत खासगी तज्ज्ञाला दाखवा, फक्त एवढंच विचारा की पावलं दिसतात का आणि मोजणीसारखं काही आहे का. अर्थात १६६ निघाली तरी 'तोच माणूस' असं होत नाही. त्या उंचीची माणसं इतवारीच्या एका गल्लीत रोज शेकड्यांनी दिसतात. उंची माणूस वगळायला चांगली, ओळखायला नाही.

आता कागदांचं. आरोपपत्रासोबत फुटेजची प्रत मिळाली आहे का, की नुसते छापील फोटो? २०१९ मध्ये पी. गोपालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की मेमरी कार्डमधला मजकूर दस्तऐवज आहे आणि आरोपीला सामान्यतः त्याची क्लोन प्रत मिळायला हवी. डीव्हीआरच्या मूळ स्वरूपातली प्रत मागा. व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप मोजणीला निरुपयोगी, ती पुन्हा दाबलेली असते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आणि त्यातली हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा, आहे का तेही पाहा. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जुन्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं होतं. कलम ६३ त्याच वळणाचं आहे.

पंचनामा करणारे अधिकारी तज्ज्ञ नाहीत. मोजमाप लिहिण्याइतकं ठीक, पण उंचीचा निष्कर्ष हे मत आहे, आणि मत मांडायला अधिनियमाच्या कलम ३९ चा तज्ज्ञ लागतो. उलटतपासणीत मी पहिला प्रश्न हाच विचारेन: तो इसम दारापासून किती अंतरावर होता? उत्तर बहुधा 'सांगता येणार नाही' असं येईल आणि त्यांचा आकडा तिथंच पडेल.

सुटकेच्या, म्हणजे डिस्चार्जच्या अर्जावर फार आशा ठेवू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६२ खाली नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत तो करता येतो, तारीख लिहून ठेवा. पण त्या टप्प्यावर न्यायालय पुरावा तोलत बसत नाही, आणि सेंटिमीटरचा वाद खटल्यासाठी ठेवला जातो. फुटेजखेरीज काहीच नसेल, जप्ती नाही, साक्षीदार नाही, तर मात्र अर्ज कराच.

भावाच्या भरतीचा उंचीचा कागद शोधा. भरतीत पुरुषांना १६५ सेंटिमीटर लागतात, त्यामुळे तो एका सेंटिमीटरनं हुकला असेल तर नोंद नक्की असेल. घरी नसेल तर माहिती अधिकारात मागा. घटनेच्या आधीचा सरकारी कागद आज मोजलेल्या उंचीपेक्षा वजनदार ठरतो. मोजणी सकाळची असेल तर तेही सांगा, कारण माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर उंच असतो. न्यायालयानं पुन्हा उंची मोजायला सांगितली, तर नकार देऊ नका. शरीराची मोजमापं देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे काथी कालू ओघड प्रकरणात १९६१ मध्येच सुटलेलं आहे.

घाईचं काम एकच आहे. गोदामवाल्यानं नवा कॅमेरा लावला किंवा जुना जरा फिरवला, तर वर सांगितलेली मोजणी कायमची गेली. कॅमेरा जागेवर ठेवण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या. आणि भावाला तिथं जाऊ देऊ नका. जामिनावर असताना, कॅमेऱ्याखाली उभं राहून फोटो काढायलासुद्धा नाही.