ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्ममध्ये घटनेचं वर्णन फक्त २०० अक्षरांत लिहायचं असतं. एवढ्यात सगळं कसं बसवायचं?

असे फॉर्म वाचून त्यांची वर्गवारी करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही. २०० अक्षरं पुरतात. पुरत नाही ती प्रस्तावना. शाळेत पत्रलेखनात शिकवलेली ‘आधी पार्श्वभूमी, मग घटना, शेवटी विनंती’ ही रचना या चौकटीत नेऊ नका, माहितीचा बळी तिथंच जातो.

नेहमी येणारं प्रकरण घेऊ. उभ्या कारला कोणीतरी धडक देऊन निघून गेलं. मालक लिहायला बसतो ते असं:

```
मी काल संध्याकाळी कामावरून परत आल्यावर नेहमीप्रमाणे माझी कार इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये लावली होती. रात्री जेवण झाल्यावर खाली आलो तेव्हा दिसलं की कारच्या उजव्या बाजूला कोणीतरी मोठी धडक देऊन गेलं
```

इथं बरोबर २०० अक्षरं संपली. व्हॅन पांढरी होती, रखवालदारानं पाहिलं, नंबरचे शेवटचे चार आकडे त्याच्या लक्षात आहेत, गेटवर कॅमेरा आहे, हे सगळं पुढच्या वाक्यांत होतं आणि ते फॉर्ममध्ये आलंच नाही. वाचणाऱ्याच्या हाती एवढंच लागतं की एका कारला धडक बसली. शोध घ्यायला एकही धागा नाही, म्हणून अशी तक्रार मागे पडते. माणूस खोटं बोलत नसतो, पुरावाही असतो, तरी हे होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता हीच घटना पुन्हा लिहू. पण त्याआधी फॉर्मच्या बाकीच्या चौकटी बघा. तारीख, वेळ, पत्ता, तुमचं नाव, तुमच्या गाडीचा नंबर, कोणी जखमी आहे का, यांसाठी बहुतेक वेळा वेगळ्या जागा असतात. तिथं जे भरलं ते वर्णनात पुन्हा लिहायचं नाही. मग उरतं ते असं:

```
मागच्या पार्किंगमध्ये उभ्या कारला पांढऱ्या व्हॅनने मागे येताना धडक दिली; चालक थांबला नाही. उजवे मागचे दार चेपले. व्हॅन क्रमांकाचे शेवटचे अंक 4182. रखवालदाराने पाहिले. गेटवर कॅमेरा.
```

ही १८० अक्षरं झाली. पहिल्या वाक्यात काय घडलं आणि कोणी केलं, मग नुकसान, मग शोधाला उपयोगी खूण, शेवटी साक्षीदार आणि पुरावा. क्रम असाच ठेवा. यादीत वाचणाऱ्याला अनेकदा वर्णनाचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, आणि मजकूर कापला गेलाच तर तो शेपटाकडून जातो. ‘रखवालदाराने पाहिले’ हे दोन शब्द मुद्दाम ठेवलेत. मालकानं स्वतः धडक पाहिलेली नाही. माहिती कुठून आली हे न लिहिता व्हॅनचं वर्णन केलं, तर पुढे जबाब घेताना तुमचंच बोलणं लंगडं पडतं.

विषयाची ५० अक्षरांची चौकट असेल तर ‘उभ्या कारला व्हॅनची धडक, चालक थांबला नाही’ एवढं ४१ अक्षरांत बसतं. ‘तक्रार नोंदवण्याबाबत’ लिहू नका, फॉर्म तक्रारीचाच आहे.

वेळेचं वेगळं बघावं लागतं. कोणी पाहिलं असेल तर ती वेळ टाका. पाहिलं नसेल आणि चौकट एकच वेळ मागत असेल, तर अंदाजाची वेळ टाकून गप्प बसू नका. कार शेवटची धड पाहिली ती वेळ चौकटीत भरा आणि वर्णनाच्या सुरुवातीला ‘7.10 ते 9.40 दरम्यान’ असं लिहा. नाहीतर कॅमेऱ्याचं चित्रीकरण चुकीच्या वेळेचं पाहिलं जातं आणि ‘काही आढळले नाही’ असा शेरा येतो.

आता मराठीत लिहिणाऱ्यांची खरी अडचण. डोळ्यांना दिसणारं अक्षर आणि संगणकानं मोजलेलं अक्षर एक नसतं. ‘पार्किंगमध्ये’ आपण पाच अक्षरांत मोजू, संगणक तेरा मोजतो, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं धरलं जातं. पटत नसेल तर संगणकावर ब्राउझरमध्ये F12 दाबून ‘Console’मध्ये हे टाका, उत्तर १३ येईल:

```
"पार्किंगमध्ये".length
```

म्हणून जागा वाचवायची तर जोडाक्षरं कमी करा. ‘रिव्हर्स’ला ८ लागतात, ‘मागे’ला ४. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘तरी कृपया योग्य ती कारवाई करावी ही विनंती’ हे सरळ काढा. क्रियापद मात्र काढू नका. ‘व्हॅन कार धडक’ असं लिहिलं तर कोणी कोणाला मारली हेच कळत नाही. आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा, कारण ४१८२ आणि 4182 ही संगणकाला वेगळी चिन्हं आहेत. शोधणारा इंग्रजी अंक टाकून शोधतो, तेव्हा तुमची नोंद सापडणार नाही.

काही जुन्या प्रणाली अक्षरांऐवजी बाइट मोजतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथं तीन बाइटचं होतं. मग २०० ची मर्यादा साधारण ६६ वर येते. साठ-सत्तर चिन्हांतच ‘मर्यादा ओलांडली’ असा संदेश आला तर हेच कारण समजा. तिथं वर दिलेली विषयाची ओळ, नंबर आणि ‘सविस्तर निवेदन सोबत’ एवढंच लिहून बाकीचं जोडपत्रात द्या. जोडपत्राची सोय नसेल तर नुकसानीचा तपशील सोडा, नंबर सोडू नका.

मजकूर बाहेर लिहून चिकटवत असाल तर चिकटवल्यावर शेवटचे शब्द तपासा. बरेच फॉर्म जास्तीचा भाग काही न सांगता कापतात. ओळ मोडण्यासाठी एन्टर दाबू नका. पडद्यावर ते एक चिन्ह धरलं जातं, पाठवताना दोन होतात, आणि पडद्यावर बरोबर २०० दिसणारा फॉर्म पलीकडे नाकारला जातो. दहा-पंधरा अक्षरं मोकळी ठेवा. ‘&’ आणि ‘<’ ही चिन्हंही टाळा, अनेक फॉर्म ती स्वीकारत नाहीत.

माझ्या एका सहकाऱ्याचं आजही म्हणणं आहे की माणसानं घडलं त्या क्रमानंच लिहावं, त्यात खरेपणा दिसतो. समोरासमोर जबाब देताना ते ठीक आहे, तिथं विचारणारा मध्येच थांबवून प्रश्न विचारू शकतो. चौकट प्रश्न विचारत नाही. वरचे दोन मजकूर शेजारी ठेवा आणि कोणत्या माणसाला मदत करता येईल ते सांगा, एवढंच मी त्याला दरवेळी म्हणतो. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

एक राहिलं. कोणी जखमी असेल किंवा धोका चालू असेल तर फॉर्म बाजूला ठेवून आधी फोन करा. आणि फॉर्म पाठवल्यावर काही आठवलं तर दुसरी नवी तक्रार टाकू नका, दोन नोंदी दोन वेगळ्या लोकांकडे जाऊ शकतात. मिळालेला नोंद क्रमांक देऊन त्याच तक्रारीत भर घाला.