प्रश्न ग्राहकाच्या तोंडून घ्या

आपण हापूसच्या पेट्या घरपोच विकता आणि आपल्या नेहमीच्या प्रश्नांच्या पानाची सुरुवात ‘आमचेच आंबे का निवडावेत?’ या प्रश्नाने होते. हा प्रश्न कोणताही ग्राहक विचारत नाही. ती जाहिरात आहे, म्हणून तो आधी काढावा. त्यानंतर मागील हंगामातील व्हॉट्सअ‍ॅप संदेश, फोनच्या नोंदी आणि परताव्याच्या तक्रारी एकत्र वाचून प्रत्येक शंका ग्राहकाच्याच शब्दांत लिहून काढावी. पेटी मागवण्यापूर्वीच्या आणि ती हाती आल्यानंतरच्या शंका वेगळ्या ठेवाव्यात, कारण दुसऱ्या गटातील ग्राहक काळजीत असतो व त्याला उत्तर तत्काळ हवे असते.

उदाहरणार्थ, ‘आंबे पिकवण्याची योग्य पद्धत’ हे शीर्षक बदलून ‘आंबे हिरवे आणि कडक आले, आता काय करू?’ असे करावे. उत्तराचे पहिलेच वाक्य निर्णय देणारे असावे: आंबे खराब नाहीत, ते गवतात पसरून खोलीतच ठेवा आणि पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका.

‘वरून चांगला, पण कापल्यावर आत पांढरा निघाला’ ही साक्याची तक्रार मात्र बहुतेक विक्रेते टाळतात. हा दोष बाहेरून दिसत नाही, हे स्पष्ट लिहावे आणि कापलेल्या फळाचा फोटो कुठे व किती दिवसांत पाठवल्यास भरपाई मिळेल, हेही तिथेच सांगावे. पान बदलल्यावरही तोच प्रश्न फोनवर येत राहिला, तर उत्तर अपुरे आहे किंवा शीर्षक ग्राहकाच्या शब्दांत नाही, असे समजावे.