मायक्रोफॅरड वाढवून रिपल का हटत नाही

प्रश्न: एलएम2596 ही स्विचिंग रेग्युलेटर चिप वापरून 12 व्होल्टचे 5 व्होल्ट केले आहेत, लोड 2 अँपिअर, कॉइल 33 मायक्रोहेन्री. आउटपुटला 90 मिलिव्होल्ट रिपल दिसतो. 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून 1000 चा लावला तरी जवळपास तेवढाच. असं का?

रिपल मायक्रोफॅरडमुळे येतच नाहीये, म्हणून. चिपची स्विचिंग फ्रिक्वेन्सी 150 किलोहर्ट्झ, ती धरून आधी कॉइलमधला रिपल करंट काढा:

```
ΔI = Vout × (1 − Vout/Vin) / (L × f)
   = 5 × 0.583 / (33µH × 150kHz) ≈ 0.59 A
```

2 अँपिअरच्या लोडवर हे साधारण 30 टक्के होतात, म्हणजे कॉइल ठीक निवडली आहे. हा करंट कपॅसिटरमधून जातो तेव्हा दोन गोष्टी घडतात. कपॅसिटर भरतो-रिकामा होतो, त्याचा रिपल `ΔI / (8 × f × C)`. 220 मायक्रोफॅरडला तो जेमतेम 2 मिलिव्होल्ट. आणि कपॅसिटरच्या आतल्या रोधावर, म्हणजे ईएसआरवर, `ΔI × ESR` एवढा व्होल्टेज पडतो. साध्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर 0.15 ओहम धरला की झाले 88 मिलिव्होल्ट. तुमचे 90 इथून येतात. 1000 चा कपॅसिटर लावून तुम्ही त्या 2 मिलिव्होल्टचा अर्धा मिलिव्होल्ट केलात. ईएसआर तेवढाच असेल तर बाकीचं सगळं जागच्या जागी.

हाच वाद भोसरीतल्या एका युनिटच्या कंट्रोल बोर्डावरून झाला होता. तिथले खरेदीवाले साहेब ठाम: "मोठा टाका, मोठा कधी वाया जात नाही." तापकीर गल्लीतून आणलेला ढब्बू कपॅसिटर बसवून बोर्ड टेबलावर आला आणि एडीसीचं रीडिंग तसंच नाचत होतं. स्कोपवर सरळ कडांचा स्वच्छ त्रिकोण दिसत होता. ती खूण ओळखून ठेवा: रिपल कॉइलच्या करंटच्या आकाराचा असेल तर तो ईएसआरचा, आणि गोलसर कमानींसारखा असेल तर धारकतेचा. स्विचिंगच्या क्षणी दिसणारे टोकदार काटे निराळे. ते बहुतेक वेळा प्रोबच्या लांब ग्राउंड वायरचे असतात. ती मगरचिमटीची वायर काढा, छोटी स्प्रिंग लावा आणि थेट कपॅसिटरच्या पायांवर मोजा.

त्या बोर्डावर लो-इम्पिडन्स जातीचा 220 मायक्रोफॅरडचाच कपॅसिटर बसवला. असे साधारण 50 ते 60 मिलिओहमचे मिळतात, म्हणजे रिपल 35 च्या आसपास. दोन समांतर लावले की त्याच्याही निम्मा. डब्यावर ईएसआर छापलेला नसतो. सिरीज वाचायची आणि डेटाशीटमधला 100 किलोहर्ट्झचा इम्पिडन्स बघायचा. दुकानदार "लो ईएसआर आहे साहेब" म्हणाला की ते पुरावा धरू नका.

मग कुणीतरी म्हणतंच, सिरॅमिकच टाकू ना, ईएसआर शून्यच. या चिपला ते चालत नाही. तिचा लूप ईएसआर गृहीत धरून बांधला आहे. 33 मायक्रोहेन्री आणि 220 मायक्रोफॅरडचा अनुनाद 1.9 किलोहर्ट्झला येतो, आणि त्यानंतर घसरलेला फेज सावरतो तो ईएसआरचा झिरो, 0.15 ओहमला तो 4.8 किलोहर्ट्झला. नुसता 22 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावला की तो झिरो थेट मेगाहर्ट्झच्या घरात पळतो आणि आउटपुट डोलायला लागतं. पॉलिमर कपॅसिटरलाही हेच लागू. लोड अर्ध्यावरून एकदम पूर्ण करून बघा: एकदा खाली जाऊन सावरलं तर ठीक, बराच वेळ हेलकावत राहिलं तर लूप बिघडला. रिपल आणखी हवाच असेल कमी, तर पुढे 2 ते 5 मायक्रोहेन्रीची छोटी कॉइल आणि लो-ईएसआर कपॅसिटर असा दुसरा टप्पा लावा, फीडबॅक मात्र पहिल्या कपॅसिटरवरूनच घ्या.

हे सगळं चिप खरी असेल तरच. स्वस्त मॉड्यूलवरच्या नकली चिपा 50 किलोहर्ट्झच्या आसपास चालताना सापडतात. मग तोच रिपल करंट 1.77 अँपिअर होतो, कॉइलमधला पीक 2.3 ऐवजी 2.9 ला जातो आणि 0.88 अँपिअरखाली लोड गेला की कंटिन्युअस कंडक्शन सुटतं, म्हणजे कॉइलचा करंट दर फेरीत शून्यावर येऊन थांबतो. म्हणून कपॅसिटर बदलण्याआधी स्कोपवर फ्रिक्वेन्सी बघा. आणि हो, इनपुट 24 पर्यंत चढत असेल तर हिशोब 24 वर करा. तिथे ΔI 0.8 अँपिअर होतो.

आउटपुट कपॅसिटर गरम होईल ही भीती इथे नको, त्यातून आरएमएस फक्त 0.17 अँपिअर जातो. इनपुटच्या कपॅसिटरमधून मात्र जवळपास 1 अँपिअर, आणि खरेदीवाले नेमका तोच सगळ्यात स्वस्त घेतात.