ईमेल मुलीचा आहे, तर लिहिताय कोण?

"मुलगी मत्स्यविज्ञान पदवीच्या शेवटच्या सत्रात आहे. रत्नागिरीतल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात तिला गुणवत्ता तपासणीची नोकरी मिळाली आहे. नियुक्तिपत्रात '1 जुलैला रुजू न झाल्यास प्रस्ताव रद्द' असं आहे आणि तिच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा 9 जुलैवर गेली. मी तीन ईमेल तयार केलेत. पहिला कार्यालयीन पद्धतीचा, 'सविनय सादर' करून योग्य ती मुदत मागणारा. दुसऱ्यात 'आपण कृपावंत होऊन' अशी हात जोडून विनंती आणि आजीच्या आजारपणाचं कारण, कारण परीक्षा लांबली म्हटलं तर मुलगी नापास झाली असं वाटेल. तिसरा ठाम, 'परीक्षेमुळे एक महिन्याची मुदत द्यावी'. एचआरच्या मॅडमनी तिला मराठीतच मेल केला होता, 'अडचण आल्यास कळवा' असंही लिहिलं होतं. कारखान्याचे मॅनेजर माझ्या ओळखीचे आहेत. कोणता पाठवू? माझ्याच खात्यावरून पाठवतो, मुलीला असलं जमत नाही. स्पर्धा परीक्षांचंही बघावं का?"
— एक पालक, हर्णै

नमस्कार.

'मुलीला असलं जमत नाही' या वाक्यापाशी मी अडले. तीन मसुद्यांकडे त्यानंतर वळले, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

गुणवत्ता तपासणीत तुमच्या लेकीला काय करायचं आहे, ते डोळ्यांसमोर आणा. गोठवलेल्या मालाच्या गाभ्याचं तापमान उणे 18 अंशांपर्यंत उतरलेलं नसेल, तर हा माल पुढे जाऊ देऊ नका, असं तिला उत्पादन विभागाला लेखी कळवावं लागेल. तिथले लोक तिच्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे असतील, त्यांना घाई असेल आणि तिचं म्हणणं त्यांना आवडणार नाही. मोठ्या माणसाला न दुखावता पण नेमकेपणाने गैरसोयीची गोष्ट लिहून कळवणं हा तिच्या नोकरीचाच भाग आहे. त्याची पहिली संधी आत्ता तिच्यासमोर आली आहे आणि तुम्ही ती तिच्या हातातून काढून घेताय. बापाच्या खात्यावरून आलेला मेल वाचून कारखान्यात पहिला प्रश्न पडेल, तो ही मुलगी स्वतः बोलू शकते का, हा. तेव्हा तुमच्या तीनपैकी एकही मेल पाठवू नका. मेल तिने लिहायचा, तिच्या खात्यावरून.

तो कसा लिहावा, हे तिच्यासाठी सांगते. तुम्हीही वाचा.

तुमच्या तीन मसुद्यांत फक्त सूर बदललेला नाही, मागणीच बदलली आहे. एकात 'योग्य ती मुदत', एकात आजी, एकात पूर्ण महिना. या तीन वेगवेगळ्या विनंत्या आहेत, त्यामुळे त्यांतून निवड करता येत नाही. एकाच ईमेलचे तीन सूर करायचे, तर आधी मजकूर पक्का करावा लागतो आणि मग त्याला हात लावायचा नाही. हर्णैच्या बंदरावर जुन्या गिऱ्हाइकाशी बोलणं वेगळं आणि नव्याशी वेगळं असतं, पण टोपलीत मासळी तीच असते. इथे पक्का मजकूर असा: तोंडी परीक्षा 9 जुलैला आहे, रुजू होण्याची तारीख 1 ऐवजी 15 जुलै हवी आहे, महाविद्यालयाचं पत्र सोबत जोडलं आहे, आणि 1 ऑगस्टच्या आत ती कामाला लागलेली असेल. शेवटचा मुद्दा तुमच्या एकाही मसुद्यात नाही, आणि समोरच्याच्या फायद्याचा मुद्दा तोच आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. 1 ऑगस्टला हंगाम सुरू झाला की कारखान्यात ताज्या मालाची आवक वाढते. 15 जुलैला आलेली मुलगी त्याआधी दोन आठवडे काम शिकलेली असेल. तुमच्या तिसऱ्या मसुद्याप्रमाणे महिना मागितला, तर ती ऐन हंगामाच्या तोंडावर नवखी म्हणून उभी राहील.

आजीचं आजारपण पूर्ण काढून टाका. परीक्षा लांबली म्हणजे मुलगी नापास झाली असं वाटेल, ही तुमची भीती मला समजते. पण महाविद्यालयाचं पत्र जोडलं की ती शंका उरत नाही. उलट रुजू होताना तिची कागदपत्रं त्याच एचआर विभागात जातील, त्यावर तारखा असतील, आणि पहिल्याच आठवड्यात खोटं कारण उघडं पडेल.

आता एक गैरसमज. जितकं नम्र लिहू तितकं सुरक्षित, विशेषतः मोठी गोष्ट पणाला लागलेली असताना, असं तुमच्या दुसऱ्या मसुद्याच्या ओळीओळीत दिसतं. मोठ्या कामाचा मेल पहिल्या वाचणाऱ्यापाशी थांबत नाही. एचआरच्या मॅडम स्वतःच्या अधिकारात रुजू होण्याची तारीख बदलू शकतीलच असं नाही. त्या हा मेल मॅनेजरांकडे पुढे पाठवतील. मॅनेजर तो मोबाइलवर, कामाच्या गडबडीत उघडतील, आणि तिला पाहिलेलं नसेल तर त्यांना तीनच गोष्टी शोधायच्या असतील: कधीपर्यंत, का, आणि नक्की येणार ना. 'आपण कृपावंत होऊन' पासून सुरू झालेल्या सहा ओळींत यातलं काहीच नाही. त्यातून उलट मुलगी येईल की नाही याचीच शंका बळावते. जोखीम वाढली की शब्दांतली विनवणी कमी करायची आणि नेमकेपणा वाढवायचा.

पक्क्या मजकुराचे तीन सूर असे होतील. पहिला औपचारिक:

"महोदया, नियुक्तिपत्रानुसार मला 1 जुलै रोजी रुजू व्हायचे आहे. माझ्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा 9 जुलै रोजी असल्याने रुजू होण्याची तारीख 15 जुलै करून मिळावी, ही विनंती. महाविद्यालयाचे पत्र सोबत जोडले आहे. 1 ऑगस्टला हंगाम सुरू होण्यापूर्वी मी कामाची माहिती करून घेईन. सुधारित तारीख ईमेलने कळवावी."

दुसरा आदराचा, पण बोलता:

"नमस्कार मॅडम, अडचण आल्यास कळवा असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून लगेच कळवते आहे. माझ्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा पुढे जाऊन 9 जुलैला आली आहे. त्यामुळे रुजू होण्याची तारीख 1 ऐवजी 15 जुलै करून द्याल का? महाविद्यालयाचं पत्र सोबत जोडलं आहे. 15 तारखेला मी नक्की हजर होईन, म्हणजे 1 ऑगस्टला हंगाम सुरू होण्याआधी काम समजून घेता येईल. नवी तारीख मेलवर कळवलीत तर बरं होईल."

तिसरा मोकळा:

"मॅडम, माझी तोंडी परीक्षा 9 जुलैला गेलीय. 1 ऐवजी 15 जुलैला आले तर चालेल ना? कॉलेजचं पत्र जोडलंय. 1 ऑगस्टच्या आधी काम शिकून घेते. मेलवर तेवढं कळवा."

तिन्हींत सूर कशाने बदलला, ते लेकीला शोधायला सांगा. संबोधन बदललं, हे लगेच दिसतं. खरा फरक मागणीच्या क्रियापदात आहे. 'करून मिळावी' मध्ये मागणारी मागे राहते, 'करून द्याल का' मध्ये दोन माणसं समोरासमोर येतात, आणि 'चालेल ना' मध्ये होकार गृहीत धरलेला आहे. तिसऱ्या सुरात तिने चूक केली तर इथेच करेल. जेमतेम एक-दोन मेलची ओळख असलेल्या माणसाने असा होकार गृहीत धरलेला कोणाला आवडत नाही, आणि नियुक्तिपत्रातली अट बदलून मागताना तर नाहीच.

माझी निवड दुसरा. मॅडमनी स्वतःहून 'कळवा' म्हटलं आहे. त्या माणसासारख्या बोलल्या असताना 'महोदया' लिहिणं म्हणजे उघडलेलं दार पुन्हा लोटून घेणं होईल. पण नातं नवं आहे आणि नोकरी पणाला लागली आहे, म्हणून विषयाची ओळ मात्र औपचारिक घ्यायची: 'गुणवत्ता तपासणी पद: रुजू होण्याची तारीख 15 जुलै करण्याबाबत'. मेल पुढे गेला तरी उघडण्याआधीच काम कळलं पाहिजे. खाली तिचं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. हेच पत्र कधीही न बोललेल्या अधिकाऱ्याला जाणार असतं, तर मी पहिला निवडला असता. तिसरा सूर तिला पुढे लागेल, सहकाऱ्याशी पाळी बदलून घेताना वगैरे.

मॅनेजर ओळखीचे आहेत असं तुम्ही लिहिलंत. ती ओळख तुमची आहे, तिची नाही. सूर ठरतो तो लिहिणाऱ्याच्या नात्यावरून, त्यामुळे तिच्या मेलमध्ये 'बाबा तुम्हाला ओळखतात' येता कामा नये, आणि तुमचा फोनही मागून जाता कामा नये. उद्या तिने एखादा माल थांबवला, तर त्या ओळखीचं ओझं तिच्याच डोक्यावर येईल. आणि समजा, ती स्वतः मॅनेजरांना चांगली ओळखत असती, तरी तारीख, कारण आणि मागणी इतकीच स्पष्ट लिहावी लागली असती. जवळच्या माणसाला लिहिताना शब्दांत आपलेपणा चालतो, तपशिलात ढिलाई चालत नाही.

पाठवण्याआधी तिने एक तपासणी करावी. पहिली ओळ आणि शेवटची ओळ हाताने झाकायची आणि मधला मजकूर तिला न ओळखणाऱ्या कोणाला वाचायला द्यायचा. मुलगी काय मागते आहे आणि कोणत्या तारखेला येणार, हे त्या माणसाला एका वाचनात सांगता आलं नाही, तर मागणी दबली आहे. मेल गेल्यावर 'म्हणजे नेमकं कधी येणार?' असं उत्तर आलं, तरी दोष तोच समजा.

स्पर्धा परीक्षांचं म्हणाल, तर तिच्या पदवीला साजेशी जाहिरात आली की नोकरी सांभाळून अर्ज करता येईल. त्यासाठी ही नोकरी अडवून धरू नका, आणि तो निर्णयही तिला घेऊ द्या.

मेल आजच जाऊ द्या. 1 जुलैच्या जितका जवळ जाईल, तितकी सूर कितीही चांगला असला तरी अडचण वाढेल. कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर तिने स्वतः फोन करावा. फोनवर 'चालेल' असं मिळालं, तरी त्याच मेलखाली दोन ओळी लिहाव्यात: 'मॅडम, आत्ता बोलल्याप्रमाणे मी 15 जुलैला रुजू होते आहे. मेलवर होकार कळवाल का?' नियुक्तिपत्रात 1 जुलै आहे तोवर तोंडी होकाराचा आधार कच्चा असतो.