प्लेलिस्ट मागवणारी उद्घोषणा: पाऊण मिनिटात काय सांगायचं, काय गाळायचं

प्रश्न: बडोद्याला कॉलेजात आमचा रेडिओ क्लब आहे. दर शुक्रवारी चारला ‘ऐकण्याचा तास’ असतो, कॅम्पसच्या स्पीकरवर. मुलांकडून प्लेलिस्ट मागवायच्या आहेत. गुजराती आणि हिंदी उद्घोषणा तयार आहेत, मराठी माझ्याकडे आलीय. लिहिलेलं वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि गेल्या खेपेला जे आलं त्यात एकाने चाळीस गाणी पाठवली. कशी लिहू?

उत्तर: चाळीस गाणी आली, कारण किती हवीत ते सांगितलं नसणार किंवा ते ऐकू गेलं नसणार. म्हणून आधी तासाचा हिशेब करा, उद्घोषणा त्यातूनच निघते. साठ मिनिटांत चार जणांच्या प्लेलिस्ट घ्यायच्या, प्रत्येकाला बारा मिनिटं. झाली अठ्ठेचाळीस. उरलेली बारा मिनिटं तुमच्या बोलण्याला, आणि ती लागतातच. बारा मिनिटांत साधारण तीन गाणी बसतात. नुसतं ‘तीन गाणी’ म्हणालात तर कुणीतरी अर्ध्या तासाचा ख्याल पाठवेल, म्हणून मिनिटांची मर्यादाही हवी.

दुसरी गोष्ट, ‘तुमची आवडती गाणी पाठवा’ असं म्हणू नका. त्यावर मुलं विचारात पडतात आणि राहून जातं. जी पाठवतात ती सध्या सगळीकडे वाजणारी गाणी पाठवतात. एक नेमका प्रसंग द्या. सावकाश, स्पष्ट वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे पाऊण मिनिटात ऐंशी-नव्वद. मी असं लिहीन:

> शेवटचं लेक्चर सुटलं आणि बाहेर धो धो पाऊस. छत्री घरी. पोर्चमध्ये उभं राहून तुम्ही काय ऐकाल? तीच गाणी आम्हाला पाठवा. तीन गाणी, मिळून बारा मिनिटांच्या आत. प्रत्येक गाणं का निवडलंत, ते एका ओळीत लिहा. कुठल्याही भाषेतलं चालेल. कँटीनच्या दारावर क्यूआर कोड लावलाय, तो स्कॅन करा, फॉर्म भरा. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत. निवडलेल्या चार प्लेलिस्ट शुक्रवारी चारला, ऐकण्याच्या तासात वाजतील, तुमच्या नावासकट. पुन्हा सांगते: तीन गाणी, बारा मिनिटं, मंगळवारी पाचपर्यंत. क्यूआर कोड कँटीनच्या दारावर.

यात क्लबची ओळख, इतिहास, ‘सर्व विद्यार्थी मित्रमैत्रिणींना कळवण्यात येते की’ वगैरे काही नाही. ते सुरू झालं की पोरं आपापल्या गप्पांकडे वळतात. ईमेलचा पत्ताही मुद्दाम टाळलाय. पॅसेजमधल्या स्पीकरवर इंग्रजी अक्षरं एकापाठोपाठ एक कुणी टिपून घेत नाही. कोड भिंतीवर असला की ऐकणाऱ्याला फक्त जागा लक्षात ठेवायची असते. शेवटी पुन्हा सांगायचं ते एवढंच, कारण अर्धी मंडळी मध्येच कान देतात. ‘येत्या मंगळवारी’ असं लिहू नका. तीच रेकॉर्डिंग मंगळवारी सकाळी वाजली तर ‘येत्या’ म्हणजे आज की पुढचा, यावर वाद होतो.

बाकीचं फॉर्ममध्ये. गाण्याचं नाव, गायक, चित्रपट किंवा अल्बम, लांबी. नुसती लिंक घेऊ नका. एकाच गाण्याची मूळ, रिमिक्स आणि मैफलीतली अशी तीन रूपं असतात आणि शुक्रवारी भलतंच वाजतं. ज्याला नाव नको त्याच्यासाठी एक चौकोन ठेवा. ‘का निवडलं’ ही ओळ सर्वांत मोलाची, कारण निवेदकाचं अर्धं काम ती करते. निवडताना मी गाण्यांआधी या ओळी वाचतो.

हक्कांचं एकच सांगतो. शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, तिथलेच विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक ऐकत असतील तर ध्वनिमुद्रण वाजवायला 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52मध्ये सूट आहे. तोच तास इंटरनेटवर लाइव्ह सोडला किंवा पॉडकास्ट म्हणून चढवला की ही सूट धरून चालता येत नाही. तेव्हा ‘घरूनही ऐका’ हे वाक्य उद्घोषणेत घालण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात विचारा.

रेकॉर्ड झाल्यावर हेडफोनवर समाधान मानू नका. ज्या स्पीकरवर वाजणार, त्याच स्पीकरवर दुपारच्या सुट्टीत लावा आणि मजकूर न पाहिलेल्या एखाद्या मुलीला विचारा: किती गाणी, कधीपर्यंत, कुठे? तिन्हीपैकी एक जरी चुकलं तर बहुतेक वेळा दोष मागच्या संगीताचा असतो. पहिल्या वाक्याखाली ते ठेवा, ‘तीन गाणी’पासून पूर्ण काढून टाका, घुमणाऱ्या पॅसेजमध्ये आकडे आधी बुडतात.

पुढच्या खेपांना फक्त सुरुवातीचा प्रसंग बदला, खालचा सांगाडा शब्दशः तसाच राहू द्या. नवरात्रात ‘गरब्याहून घरी आलात, पाय ठणकताहेत, झोप येत नाही’. जानेवारीत उत्तरायणाची गच्ची घ्या, पण दिवसाची नको, तेव्हा सगळ्या गच्च्यांवर तेच वाजत असतं. संध्याकाळी मांजा गुंडाळतानाची घ्या.